धुकं मागच्या झाडांवर आहे, चेहऱ्यावर नाही

प्रश्न: नागपूरच्या फुटाळा तलावावर सकाळी धुक्यात बहिणीचे फोटो काढले. लाइटरूममध्ये Dehaze ४० वर नेलं तर मागची झाडं छान दिसायला लागली, पण तिचा चेहरा राखेसारखा पडला आणि त्वचा खरबरीत दिसते. चेहरा न बिघडवता धुकं कसं काढायचं?

उत्तर:

चेहऱ्याला Dehaze लावूच नका. ते फक्त मागच्या भागाला लावा. चेहऱ्याला उजेड आणि थोडी ऊब हवी असते, केसांना काळेपणा हवा असतो, आणि ती कामं दुसऱ्या स्लायडरची आहेत. पण कारण कळलं नाही तर हात कुठे थांबवायचा ते कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. कॅमेरा आणि समोरची वस्तू यांच्यामध्ये जेवढी हवा, तेवढे थेंब, तेवढा पांढरा पडदा. म्हणजे धुक्याचा सगळा हिशोब अंतराचा आहे. समजा त्या सकाळी साधारण ४०० मीटरपलीकडचं काहीच दिसत नव्हतं. अशा धुक्यात ३ मीटरवर उभ्या असलेल्या माणसावर जेमतेम ३ टक्के पडदा असतो. ६० मीटरवरच्या झाडावर तो ४४ टक्क्यांच्या आसपास जातो आणि १५० मीटरवर ७७ टक्क्यांपर्यंत. बहीण तुमच्यापासून दोन-चार पावलांवर उभी असेल, तर तिच्या चेहऱ्यावर काढण्याजोगं धुकं जवळजवळ नव्हतंच. स्लायडरने मग काढलं काय? तिच्या त्वचेचा उजळपणा.

हे असं का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. एका फोटोवरून धुकं ओळखायची एक गाजलेली पद्धत काइमिंग हे, जियान सन आणि शिआओऊ तांग यांनी २००९ साली मांडली. त्यांचं निरीक्षण साधं होतं. मोकळ्या हवेतल्या स्वच्छ फोटोत, आकाश सोडलं तर, कुठलाही छोटा तुकडा घ्या. त्यात लाल, हिरवा, निळा यांपैकी एक तरी रंग कुठेतरी अगदी कमी असतोच. सावली असते, गर्द पान असतं, नाहीतर गडद कापड असतं. ज्या तुकड्यात तिन्ही रंग वर उचललेले दिसतात तिथे धुकं आहे असं धरायचं आणि तेवढा पांढरेपणा वजा करायचा. झाडांच्या बाबतीत हे सुरेख चालतं. पण गाल, कपाळ, पांढरी ओढणी यांच्यात स्वतःहूनच तिन्ही रंग बऱ्यापैकी वर असतात. त्यामुळे गणिताला तिथेही धुकं दिसतं. डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमधलं haze removal याच तत्त्वावर चालतं. लाइटरूममधला स्लायडर ओढल्यावर चेहऱ्याचं जे होतं तेही त्याच जातीचं आहे: मधले उजेड खाली येतात, बारीक उंचसखलपणा उठून दिसतो आणि रंग भडकतात.

आता तुमच्या फोटोत नेमकं काय घडलं असेल ते सांगतो, कारण माझ्याही हातून हेच घडलं होतं. जानेवारीतली सकाळ, अंबाझरी तलावाच्या पाळीवर एका मुलीचे लग्नाआधीचे फोटो. आदल्या दिवशी पाऊस येऊन गेलेला, म्हणून धुई चांगली दाट होती. ८५ मिमीची लेन्स, ती माझ्यापासून ३ मीटरवर, पाळीवरची झाडं तिच्या मागे. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला चौकटभर पांढरं दिसलं. मीटर असं सगळं पांढरं मधल्या राखाडीवर आणून ठेवतो, म्हणून फोटो अंधारा निघाला आणि चेहरा जवळपास एक स्टॉप खाली गेला. (तेव्हापासून धुक्यात मी कॅमेऱ्यावरच +०.७ ते +१ भरपाई ठेवतो. यातला निम्मा त्रास तिथेच संपतो.) आधीच काळवंडलेल्या त्या चेहऱ्यावर मी Dehaze चढवलं, त्याने तो आणखी खाली नेला. गाल तांबूस-नारिंगी डागाळले, म्हणून मी Saturation कमी केलं. उजेड गेलेला आणि रंगही गेलेला, मग राख उरणारच.

हे डोळ्याने ठरवत बसू नका. लाइटरूममध्ये Develop मध्ये असताना फोटोवर कर्सर फिरवला की हिस्टोग्रामच्या खाली R, G, B चे टक्के दिसतात. कर्सर गालाच्या उजेडातल्या भागावर ठेवा. निरोगी त्वचेत, गोरी असो की सावळी, R सगळ्यात वर, मग G, मग B, आणि तिघांमध्ये मोकळं अंतर असतं. माझ्या त्या फोटोत काही न करता आकडे ५२, ४७, ४५ असे होते. म्हणजे सुरुवातीलाच अंतर कमी होतं, कारण धुक्यातला सकाळचा उजेड जरा निळसर असतो. Dehaze आणि Saturation ची कामगिरी झाल्यावर ते ४१, ३७, ३६ झाले. तिघं एकमेकांना चिकटत चालले की चेहरा राखाडी होतोय असं समजा.

मग मी सगळं शून्यावर आणून पुन्हा सुरुवात केली. आधी Exposure +०.८. हे चेहऱ्याकडे बघून करायचं, मागचं धुकं पांढरं होतंय याची काळजी करायची नाही. धुकं पांढरंच असतं. मग मास्किंगमध्ये Select Background घेतलं आणि फक्त त्या मास्कवर Dehaze +२२ दिलं. ६० मीटरवरची झाडं तेवढ्याने सावरली, खोडं आणि फांद्या वेगळ्या दिसायला लागल्या. त्यामागच्या झाडांना मी हात लावला नाही. जिथे ७७ टक्के पडदा आहे तिथे मूळ झाडाचा चौथा हिस्साही उरलेला नसतो. तो ताणून पूर्ण करायचा म्हणजे चौपटीहून जास्त वाढवायचा, आणि त्याच्यासोबत कॅमेऱ्याचा नॉइजही तितकाच वाढतो. दूरचं धुकं तसंच राहू द्या; सकाळ होती हे त्यानेच कळतं.

त्यानंतर माणसाचा मास्क. Select Subject घ्या आणि त्यात Blacks खाली आणा; मी −१२ वर थांबलो. धुकं गेल्यासारखं वाटायला चेहऱ्यावर जे लागतं ते बहुतेक इथेच मिळतं. मागून येणारा पांढरा उजेड लेन्समध्ये पसरतो आणि काळ्या गोष्टी करड्या करून टाकतो. केस, भुवया, बुबुळं, काजळ हे पुन्हा काळे झाले की आपल्या डोळ्याला चेहरा स्वच्छ वाटतो. Blacks चा जोर सगळ्यात गडद भागावर पडतो, त्यामुळे गालाला आणि कपाळाला त्याचा फारसा धक्का लागत नाही. Dehaze मात्र पहिला घाव गालावरच घालतं. Clarity चंही तसंच आहे, म्हणून ते इथे वापरू नका. नागपूरच्या थंडीत त्वचा तशीही कोरडी, ओठ फुटलेले. Clarity ते सगळं कोरून दाखवतं.

ऊब त्याच मास्कमध्ये द्यायची. Temp हळूहळू उजवीकडे न्या आणि नजर गालाच्या आकड्यांवर ठेवा. माझे आकडे ६८, ५७, ५० झाले तिथे मी थांबलो. अख्ख्या फोटोचं Temp वाढवलं तर धुकं पिवळट होतं आणि कुणी शेकोटी पेटवल्यासारखं दिसतं. तुमच्या फोटोत त्वचा आधीच खरबरीत झाली असेल तर Texture उणे करून ती झाकू नका. चेहऱ्यावरचं Dehaze काढलं की खरबरीतपणा त्याच्यासोबतच जातो.

एक जागा नक्की बिघडते, ती म्हणजे केसांची कड. मागचा भाग गडद झाला आणि मास्क केसांच्या थोडा बाहेर थांबला, तर डोक्याभोवती पांढरट रेघ राहते. फोटो १०० टक्क्यांवर मोठा करून कान आणि उडत्या बटांपाशी बघा. रेघ दिसली तर मागच्या मास्कमध्ये मोठा, मऊ ब्रश कमी जोराने घेऊन कड केसांवर किंचित चढवा. तरीही गेली नाही तर Dehaze २२ वरून १५ वर आणा. थोडं जास्त धुकं कुणालाही खटकत नाही, पण डोक्याभोवतीची रेघ सगळ्यांना दिसते.

फोटो रॉमध्ये काढला नसेल, मोबाइलचा जेपेग असेल, तर मागच्या भागालाही १५ च्या वर जाऊ नका. धुक्याचा रंग अगदी हळूहळू बदलत जातो आणि जेपेगमध्ये तेवढ्या छटा साठवलेल्याच नसतात. ताणलं की आकाशात पट्टे उमटतात. ते पडद्यावर पुसट दिसले तरी अल्बमच्या छपाईत स्पष्ट दिसतात.

यात अपवाद एकच, अंतराचा. बहीण तलावाच्या काठाने चालत लांब गेली आणि तुम्ही २० मीटरवरून फोटो घेतला असेल, तर त्या धुक्यात तिच्यावरही १८ टक्के पडदा येतो. तिथे माणसाच्या मास्कवरही Dehaze +८ किंवा +१० द्यायला हरकत नाही. तेवढ्या लांबून चेहरा फोटोत लहान असतो, त्वचेचे बारकावे दिसत नाहीत; फक्त गालाचे तीन आकडे तेवढे बघत राहा.