क्लेम कमिटीच्या मिनिट्समध्ये ‘टीपीएने तपासावे’ असं लिहू नका

प्रश्न: आरोग्य विमा कंपनीत क्लेम्स विभागात आहे. गेल्या महिन्यापासून क्लेम रिव्ह्यू कमिटीचे मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे आलंय. वादातले क्लेम, तिघे तीन गोष्टी बोलतात आणि शेवटी ‘बघून घ्या’ म्हणून उठतात. निर्णय, जबाबदार व्यक्ती आणि पुढची तारीख असे तीन रकाने आहेत. त्यात नेमकं काय लिहायचं?

तुमचं ते ‘बघून घ्या’ वाचलं आणि आत काहीतरी हललं. मी हे काम काही वर्षं केलं, आणि ह्याच दोन शब्दांनी माझ्या हातून एका माणसाचं मोठं नुकसान झालं. हजेरी, सह्या वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

एक निवृत्तीला आलेले शिक्षक. मार्च २०२० मध्ये दुसऱ्या कंपनीत ५ लाखांची पॉलिसी घेतलेली, मार्च २०२३ मध्ये ती आमच्याकडे पोर्ट केली आणि तेव्हाच रक्कम १० लाख करून घेतली. जून २०२५ च्या सुरुवातीला अँजिओप्लास्टी झाली, बिल ६ लाख ८० हजार. कॅशलेस मिळालं नाही, पैसे स्वतः भरून त्यांनी कागद पाठवले. डिस्चार्ज समरीत एक ओळ होती: ‘रक्तदाब, १० वर्षांपासून’. प्रपोजल फॉर्मवर रक्तदाबाचा उल्लेख नव्हता. आमच्या स्क्रीनवर पॉलिसीची सुरुवात दिसत होती मार्च २०२३.

कमिटीत कुणीतरी म्हणालं, पोर्टिंगची केस दिसतेय, बघून घ्या. मी मिनिट्समध्ये लिहिलं: ‘पूर्वीचा आजार न सांगितल्यामुळे क्लेम नामंजूर. पोर्टिंगचा तपशील टीपीएने तपासावा.’ तारखेच्या रकान्यात लिहिलं: ‘पुढील बैठक’.

ही दोन वाक्यं एकमेकांना खोडतात. पहिलं फाइल बंद करतं, दुसरं उघडी ठेवतं. पत्र पाठवणाऱ्या मुलीने पहिलं वाक्य वाचलं आणि नामंजुरीचं पत्र पाठवलं, तिची काहीच चूक नाही. पुढच्या बैठकीची यादी प्रलंबित क्लेममधून निघायची. हा क्लेम ‘नामंजूर’मध्ये गेल्यामुळे यादीत आलाच नाही. टीपीएला नंतर विचारलं, तर म्हणाले पोर्टिंगची माहिती आमच्याकडे नसतेच, ती अंडररायटिंगकडे असते. अंडररायटिंग म्हणालं, आम्हाला कुणी विचारलंच नाही. आणि खरंच कुणी विचारलं नव्हतं. ‘टीपीए’ हे कुणाचं नाव नाही. त्या कार्यालयात मी नंतर चार मेल केले. चारही वेळा ‘संबंधित विभागाकडे पाठवले आहे’ एवढंच उत्तर आलं. त्याचा राग आजही आहे, पण ओळ मी लिहिली होती.

ते इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. सलग ६० महिने पॉलिसी चालली की त्यानंतर ‘आजार लपवला’ ह्या कारणावर कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. २०२४ च्या आधी ही मुदत आठ वर्षं होती. पोर्ट केलेल्या पॉलिसीची आधीची वर्षंही ह्यात धरतात. फक्त वाढवलेल्या रकमेचे ६० महिने वाढवल्यापासून मोजतात. म्हणजे ह्या शिक्षकांचे ५ लाखांपुरते ६० महिने मार्च २०२५ मध्येच भरले होते. वाद होऊ शकला असता तो वरच्या १ लाख ८० हजारांवर.

त्यांनी तक्रार केली, तर तक्रार कक्षाने माझ्याच मिनिट्समधलं कारण उचलून परत पाठवलं. मग ते विमा लोकपालांकडे गेले. सुनावणीत कमिटीची नोंद मागवली गेली आणि माझ्या त्या दोन ओळी मोठ्याने वाचल्या गेल्या. प्रश्न उघडा आहे हे कमिटीला माहीत होतं आणि तरी नामंजूर केलं, हे आमच्याच कागदावर होतं. वरच्या १ लाख ८० हजारांसाठीही डिस्चार्ज समरीच्या एका ओळीपलीकडे आमच्याकडे पुरावा नव्हता. पूर्ण रक्कम व्याजासह द्यावी लागली. शिक्षकांनी हॉस्पिटलचं बिल बायकोचे दागिने गहाण ठेवून भरलं होतं, हे मला त्या खोलीत कळलं.

आणखी एक गोष्ट मी लिहिली नव्हती. कमिटीतल्या डॉक्टर म्हणाल्या होत्या की समरीतली हिस्टरी बऱ्याचदा ज्युनिअर डॉक्टर घाईत लिहितात. इनडोअर केस पेपर किंवा जुनी प्रिस्क्रिप्शन्स पाहिल्याशिवाय ‘१० वर्षं’ धरू नका. दोघांचं मत वेगळं पडलं म्हणून मी त्यांचं वाक्य गाळलं. माझं स्पष्ट मत आहे की वेगळं मत नावासकट लिहायलाच हवं, सदस्य नको म्हणाले तरी. पुरावा कुठे शोधायचा हे त्या एका वाक्यात होतं.

त्या दिवशी नोंद अशी हवी होती: ‘निर्णय राखून ठेवला. प्रश्न: मार्च २०२० ते मार्च २०२३ पॉलिसी खंड न पडता चालू होती का? अंडररायटिंगच्या अमुक यांनी आधीच्या कंपनीची तिन्ही वर्षांची पॉलिसी शेड्यूल्स २४ जूनपर्यंत आणावीत. खंड नसल्यास ५ लाखांपर्यंत क्लेम मंजूर. वरच्या रकमेसाठी हॉस्पिटलचे केस पेपर डॉ. अमुक यांनी पाहून २६ जूनला मत द्यावे. तोपर्यंत कोणतेही पत्र जाऊ नये.’ उत्तर काय आलं तर काय होणार, हे आधीच लिहिलं की पुन्हा सगळी चर्चा करावी लागत नाही.

तारखेचंही नीट बघा. ‘पुढील बैठक’ ही तारीख नव्हे. कॅशलेस नसलेल्या क्लेमचा निर्णय कागद आल्यापासून १५ दिवसांत व्हायला हवा. ह्या केसमध्ये कागद १६ जूनला आले होते, म्हणजे १ जुलै. तिथून उलटं मोजून तारखा टाका. कमिटी महिन्यातून एकदाच बसत असेल, तर मधली बैठक मागा. नामंजुरी कमिटीच्या मान्यतेशिवाय करता येत नाही, त्यामुळे ती मागायचा तुम्हाला पूर्ण आधार आहे.

नामंजूर करायचंच असेल, तर पॉलिसीतलं कलम क्रमांकासकट लिहा. ग्राहकाच्या पत्रात तेच जातं.

मी वकील नाही, आणि ग्रुप पॉलिसीत गोष्टी वेगळ्या असू शकतात, तेव्हा तुमच्या लीगलला एकदा विचारा. पण एक बदल कुणाला न विचारता आजच करा. तीन रकान्यांना चौथा जोडा: ‘पत्र कोणी, कोणत्या तारखेला पाठवायचं’. निर्णय राखून ठेवला असेल, तर त्यात ‘पत्र नाही’ असं लिहा आणि पत्र पाठवणाऱ्या व्यक्तीची तिथे सही घ्या.