ओल्या तळहातांचं कारण

"माझे तळहात आणि काखा कायम घामाने ओल्या असतात. सगळे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस, आपोआप थांबेल. हे खरंच मनाचं आहे का? आणि यावर काही उपाय आहे का?"

हा प्रश्न माझ्याकडे दर काही आठवड्यांनी येतो आणि विचारणारे बहुतेक जण पंचविशीच्या आतले असतात. त्यातल्याच एका मुलीची ही हकीकत. नाव बदलून तिला रेवा म्हणते. वय एकवीस, शिक्षण वास्तुकलेचं. ड्रॉइंग काढताना मनगटाखाली दुहेरी घडी केलेला रुमाल ठेवायचा, तो भिजला की दुसरा घ्यायचा, हा तिचा नेम होता. तरीही कागदाला लाटा यायच्या आणि शाईची रेघ पसरायची. ती माझ्यासमोर बसली तेव्हा दोन्ही हात ओढणीखाली होते.

"मॅडम, मला मन शांत करायला शिकवा," ती म्हणाली. "आईचं म्हणणं, मी फार विचार करते."

ते मी लगेच शिकवलं नाही. आधी पुरावा आणि मग अर्थ, असा माझ्या कामाचा कल आहे. दोन आठवडे वहीत चारच गोष्टी लिहायला सांगितल्या: वेळ, काय चाललं होतं, मनात काय होतं आणि हात किती ओले, शून्य ते चार. शिवाय ती गाढ झोपेत असताना तिच्या धाकट्या बहिणीने तळहाताला हात लावून बघायचा.

पुढच्या भेटीत वही उघडली. तोंडी परीक्षेच्या दिवशी चार होतं, ते अपेक्षितच होतं. पण रविवारी दुपारी, घरात एकटी, आवडतं काम, मनात काही नाही, अशा नोंदीपुढेही तीन होतं. अशा नोंदी एकदोन नव्हत्या, बऱ्याच होत्या. बहिणीने मात्र लिहिलं होतं: "रात्री हात कोरडे."

रेवा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी शांत असतानाही घाम येतोच?"

"येतोच. ताणाने तो वाढतो, पण त्याचं मूळ ताणात नाही."

तिने हात ओढणीबाहेर काढून टेबलावर ठेवले. त्या दिवशी मला जे दिसलं ते मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते. 'शांत हो' हा सल्ला इथे उलटा पडतो. घाम आला की माणूस समजतो आपण पुन्हा शांत राहू शकलो नाही, त्या विचाराने ताण वाढतो आणि हात आणखी भिजतात.

तळहातावर घामाच्या ग्रंथी दाटीने असतात. त्यांची रचना बिघडलेली नसते. पण त्यांना चालवणाऱ्या नसांकडून गरजेपेक्षा जास्त इशारे येतात. दोन्ही बाजूंना सारखा येणारा, लहानपणी किंवा वयात येताना सुरू झालेला, झोपेत थांबणारा आणि अनेकदा घरात आणखी कोणाला असणारा घाम बहुधा याच प्रकारचा असतो. याउलट घाम मोठेपणी अचानक सुरू झाला, एकाच बाजूला येतो, रात्री अंथरूण भिजतं किंवा सोबत वजन घटतंय, धडधड किंवा ताप आहे, तर आधी डॉक्टरांकडे जायचं. थायरॉइड, साखर, जंतुसंसर्ग किंवा चालू असलेलं एखादं औषध, काही नैराश्यविरोधी गोळ्यासुद्धा, यामागे असू शकतं. रेवालाही मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

काखांसाठी तिने आधी औषध लावून बघितलं होतं. "आग झाली, म्हणून सोडलं," ती म्हणाली. कसं लावलं होतं ते विचारल्यावर उलगडा झाला: सकाळी अंघोळीनंतर लगेच, अर्धवट पुसलेल्या त्वचेवर. हीच चूक सर्वाधिक होते. डिओडरंट फक्त वास दाबतं. घाम अडवतं ते अँटीपर्स्पिरंट. त्यातला अ‍ॅल्युमिनियमचा क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बारीक बूच तयार करतो. त्वचा ओली असेल तर अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड पाण्याशी मिसळून आम्ल तयार होतं आणि त्वचा भाजल्यासारखी होते. शिवाय दिवसा घाम वाहत असतो, त्यामुळे औषध आत टिकायच्या आधीच धुऊन जातं.

तज्ज्ञांनी तिला काखांसाठी २० टक्के अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण पुन्हा दिलं, पण पद्धत बदलली. झोपण्यापूर्वी काख पूर्ण कोरडी करायची, हवं तर पंख्याखाली पाच मिनिटं बसायचं, मग पातळ थर लावायचा. सहा ते आठ तास ठेवून सकाळी धुवायचं. घाम आटोक्यात येईपर्यंत रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून एकदा-दोनदा. केस काढल्यावर निदान एक-दोन दिवस लावायचं नाही. खाज सुटली तर एक रात्र सोडून लावायचं. लाली फार असेल तर थोडे दिवस सौम्य स्टिरॉइड मलम, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. दुसऱ्या आठवड्यात तिच्या कुर्त्यावरचे डाग जवळजवळ गेले.

तळहातांची त्वचा जाड असते, तिथे हे द्रावण बरेचदा पुरं पडत नाही. रेवाचंही तसंच झालं. तिच्यासाठी आयंटोफोरेसिस निवडलं. पाण्याच्या दोन उथळ ट्रेमध्ये हात ठेवायचे आणि यंत्रातून अगदी सौम्य प्रवाह सोडायचा, साधारण १५ ते २० मिलिअँपिअरपर्यंत, हळूहळू वाढवत. वीस-तीस मिनिटांची बैठक, मध्ये प्रवाहाची दिशा बदलायची. सुरुवातीला आठवड्यातून तीन वेळा. अंगठ्या काढायच्या, ओरखड्यांवर व्हॅसलीन लावायचं आणि प्रवाह चालू असताना हात बाहेर ओढायचा नाही, नाहीतर झटका बसतो. पेसमेकर, शरीरात धातूचा भाग, गर्भारपण किंवा फिट्स असतील तर हा उपाय वर्ज्य.

पाच बैठकांनंतर ती चिडून म्हणाली, "काहीच फरक नाही." फरक बहुतेकांना सहा ते दहा बैठकांनंतर जाणवतो. मी तिला वही पुढे चालू ठेवायला सांगितली. नवव्या बैठकीनंतर तीनच्या जागी एक येऊ लागला.

याने भागलं नसतं तर पुढच्या पायऱ्या होत्या. बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं काखांत चांगली लागू पडतात आणि परिणाम बहुधा चार ते सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकतो. तळहातावर ती बरीच दुखतात आणि काही आठवडे पकड थोडी ढिली होऊ शकते. चित्रं काढणाऱ्या मुलीने हे आधी माहीत करून घ्यायला हवं. ग्लायकोपायरोलेटसारख्या गोळ्यांनी सगळ्या अंगाचा घाम कमी होतो, पण तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, लघवी अडखळते. काचबिंदू असणाऱ्यांनी त्या टाळायच्या असतात आणि कडक उन्हात जपावं लागतं. छातीतली नस कापण्याची शस्त्रक्रिया मी कोणी विचारली तर सर्वांत शेवटी सांगते. हात कोरडे होतात, पण पुष्कळांना पाठ, पोट, मांड्या यांवर नवा घाम सुरू होतो, आणि तो परत फिरवता येत नाही.

माझं काम त्यानंतर उरलं. हात कोरडे झाले तरी रेवा अजून तीन-तीन रुमाल बाळगत होती, हस्तांदोलन टाळत होती. भीतीला अजून बातमी पोहोचली नव्हती. म्हणून आम्ही क्रम लावला: आधी मैत्रिणीला टाळी, मग दुकानदाराच्या हातातून सुटे पैसे, शेवटी शिक्षकांशी हस्तांदोलन. प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहायचा की समोरचा काय करेल आणि नंतर काय झालं ते. सात नोंदींत एकदाच समोरच्याने हात पुसला, आणि त्याने आधी पाण्याची बाटली धरली होती.

परीक्षेच्या काळात तिच्या दोन आठवड्यांच्या बैठका बुडाल्या आणि हात पुन्हा भिजू लागले. ती माझ्याकडे आली नाही. वहीतली तारीख बघून तिने ओळखलं की देखभालीची आठवड्याची बैठक चुकली आहे आणि पुन्हा तीन-तीन बैठका सुरू केल्या.