सत्राध्यक्षांची ओळख आणि कोयनेच्या भूकंपांचा विषय: चार मिनिटांत काय सांगाल?

प्रश्न: आमच्या कॉलेजात पुढच्या महिन्यात परिषद आहे. 'जलाशय आणि भूकंप: कोयनेचा अनुभव' या सत्राच्या अध्यक्षांची ओळख आणि विषयाची प्रस्तावना माझ्याकडे आली आहे. मी भूगोल शिकवते. सभागृहात भूकंपशास्त्राचे लोक थोडे असतील. बाकी सिव्हिलचे प्राध्यापक, पाटबंधारे खात्यातले इंजिनियर आणि बीएस्सीची मुलं. चार मिनिटं दिली आहेत. काय बोलू आणि काय टाळू?

उत्तर:

आधी विषय सांगा, अध्यक्षांची ओळख नंतर करून द्या. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. अध्यक्षांना टाळ्यांच्या गजरात वर बोलावतात, पुष्पगुच्छ होतो, फोटो होतो आणि मग सूत्रसंचालक विषयावर बोलत राहतो. अध्यक्ष शेजारी अवघडून बसलेले असतात. विषय आधी उरकला की ओळखीचं शेवटचं वाक्य अध्यक्षांच्या नावावर संपतं, ते उठून येतात आणि माईक थेट त्यांच्या हातात जातो. तीन मिनिटं विषयाला आणि एक अध्यक्षांना, असा हिशोब धरा.

विषयाचं सांगायचं तर तुमचं काम सोपंही आहे आणि अवघडही. सोपं यासाठी, की महाराष्ट्रात कोयनेचा भूकंप कोणाला सांगावा लागत नाही. अवघड यासाठी, की जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात एक चुकीचं चित्र पक्कं बसलेलं असतं: एवढं पाणी साठलं, त्या वजनाने जमीन खचली आणि भूकंप झाला. तीन मिनिटांत तुम्ही हे एक चित्र बदललंत तरी पुढचे सगळे वक्ते लोकांना समजतील. बाकीचं त्यांच्यावर सोडा.

हे चित्र बदलायला एक साधा हिशोब पुरतो. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे. सोयीसाठी १०० मीटर पाणी धरू. दर दहा मीटर पाण्याला साधारण एक बार दाब, म्हणजे तळाशी फार तर दहा बार. आता पाच किलोमीटर खाली उतरा, कारण तिथले बहुतेक धक्के वरच्या दहा किलोमीटरांतच होतात. त्या खोलीवर नुसत्या वरच्या खडकाच्या वजनाचाच दाब तेराशे बारच्या आसपास असतो. त्यापुढे आपले दहा बार एक टक्कासुद्धा भरत नाहीत, आणि तेही पूर्णपणे तिथवर पोचतील असं नाही. एवढ्याशा बदलाने १९६७ चा ६.३ मॅग्निट्यूडचा भूकंप होत असेल, तर तिथली खडकातली भेग आधीच सुटण्याच्या बेतात असली पाहिजे. तो ताण धरणाने आणलेला नाही. भारताचं भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतं आहे आणि त्या रेट्याचा ताण दख्खनच्या खडकातही साठतो.

मग पाण्याने नेमकं काय केलं? इथे एक सापळा आहे. 'पाण्यामुळे भेग बुळबुळीत झाली आणि खडक घसरला' असं बरेच जण सांगतात, वर्तमानपत्रांतही येतं. तुम्ही तसं म्हणू नका, पहिल्या रांगेतला भूकंपशास्त्रज्ञ लगेच मान हलवेल. पाणी इथे वंगणाचं काम करत नाही. भेगेच्या दोन्ही बाजू प्रचंड दाबाने एकमेकींवर आवळलेल्या असतात आणि त्या आवळण्यामुळेच घर्षण टिकतं. भेगेत शिरलेलं पाणी स्वतःच्या दाबाने त्या बाजूंना किंचित बाहेर ढकलतं. आवळ थोडी सैल झाली की घर्षण कमी होतं आणि आधीच साठलेला ताण आपलं काम करतो. मुलांसाठी एकच दाखला द्या: भरलेलं लोखंडी कपाट चार जण ढकलताहेत आणि ते हलत नाही. पाचव्याने खालून पहार घालून ते जरासं उचललं की ते सरकतं. सरकवलं चौघांनीच, पाचव्याने फक्त जमिनीवरचा भार कमी केला. यापुढे दुसरा दाखला देऊ नका. दोन दाखले झाले की ऐकणारा त्या दोघांचाच मेळ घालत बसतो.

आता ताण आधीचा आणि पाणी निमित्त, हे खरं कशावरून, असा प्रश्न इंजिनियर मंडळी मनात विचारणारच. त्याचं सर्वांत बोलकं उत्तर वेळेत आहे. पाण्याचं वजन जलाशय भरताक्षणी लागू होतं, पण पाण्याचा दाब बारीक फटींतून खोल उतरायला वेळ घेतो. कोयना परिसरात पावसाळ्यात पाणी चढतं आणि धक्क्यांची संख्या त्यानंतर, काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अंतराने वाढते. हा उशीर हाच झिरपत जाणाऱ्या दाबाचा माग आहे. शिवाय शेजारी वारणेचं धरण झालं. त्यात १९८५ पासून पाणी साठू लागलं आणि १९९३ नंतर धक्क्यांचा जोर दक्षिणेला, वारणेच्या बाजूलाही दिसू लागला. नकाशावर एवढं बोटाने दाखवलंत तरी पुरे.

मी हे साधारण असं बोलेन. घड्याळ लावून वाचलं तर दोन मिनिटांच्या आसपास जाईल, उरलेलं मिनिट कपाटाच्या दाखल्याला आणि उशिराच्या वाक्याला ठेवा:

"११ डिसेंबर १९६७ ची पहाट. साताऱ्याच्या पाटण तालुक्यात कोयनानगर परिसर हादरला. सुमारे १८० ते २०० माणसं गेली, हजारो घरं पडली. त्याआधी दख्खनचं पठार म्हणजे न हलणारा प्रदेश, अशी समजूत होती. कोयनेत पाणी साठू लागलं १९६२ च्या सुमारास, आणि छोटे धक्के लगेच पुढच्या काळात सुरू झाले होते. आजवर जगात जलाशयाशी संबंध जोडला गेलेल्या भूकंपांत कोयनेचा हा भूकंप सर्वांत मोठा मानला जातो. मग हा भूकंप धरणाने केला का? पाण्याने टाकलेला दाब तिथल्या खडकाच्या दाबापुढे एक टक्काही नाही. ताण पृथ्वीनेच साठवला होता. पाण्याने खोल भेगेतली पकड थोडी सैल केली, एवढंच. पण ते पाणी, किंवा त्याचा दाब, इतक्या खाली पोचतो कुठल्या वाटेने? साठ वर्षं होत आली तरी धक्के थांबत का नाहीत? आणि हे सगळं साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यातच का घडतं? हे पाहायला शास्त्रज्ञांनी तिथे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं आहे. वरचा सुमारे एक किलोमीटरचा काळा बेसाल्ट ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटी खडकात उतरतं. आजचे वक्ते या प्रश्नांकडे तीन वेगवेगळ्या बाजूंनी येणार आहेत."

शेवटी प्रश्न ठेवले आहेत, उत्तरं दिलेली नाहीत, हे लक्षात घ्या. वक्त्यांचे गोषवारे आधी मागून वाचा आणि त्यांची उत्तरं देणारी वाक्यं प्रस्तावनेतून काढून टाका. पहिल्या वक्त्याची पहिली स्लाइड तुम्ही तोंडी सांगून टाकलीत तर तो बिचारा काय दाखवणार? एखादा वक्ता बोअरहोलवरच बोलणार असेल तर तीन किलोमीटरचं वाक्यसुद्धा गाळा आणि फक्त प्रश्न ठेवा.

सिव्हिलची मंडळी जास्त असतील तर एक वाक्य त्यांच्यासाठी घाला, ते एकदम सावरून बसतील. त्या पहाटे धरणातल्याच यंत्रावर जमिनीची हालचाल नोंदली गेली आणि तिचं कमाल त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट भरलं. धरणाचा आराखडा मात्र ०.०५ पट धरून केलेला होता. धरण उभं राहिलं, पण त्याच्या अंगावर, जिथे उतार बदलतो तिथे, भेगा गेल्या आणि नंतर त्याला मजबुती द्यावी लागली. कोयनेची ती नोंद जगभरच्या धरण-अभियंत्यांच्या अभ्यासात आहे.

मृतांचा आकडा सांगताना आवाज नाट्यमय करू नका. पाटण-कराडची मुलं समोर असतील, त्यांच्या घरी ती रात्र अजून सांगितली जाते.

आता अध्यक्ष. परिषदेच्या आठ-दहा दिवस आधी त्यांना स्वतः मेल करा, कार्यालयाकडून आलेल्या बायोडेटावर विसंबू नका. चारच गोष्टी विचारा: नाव कसं उच्चारायचं, सध्याचं पद नेमकं काय, या सत्राशी जोडलेलं स्वतःचं कुठलं काम सांगावंसं वाटतं, आणि काय सांगू नये. बायोडेटात दोनशे शोधनिबंध आणि बारा पीएचडी लिहिलेलं असतं. श्रोत्याला ते ऐकून काहीच मिळत नाही. त्याला एवढंच हवं असतं, की या माणसाने या विषयात कशाला हात घातलाय. म्हणून "डॉ. अमुक यांनी कोयना परिसरातल्या भूकंपमापकांच्या नोंदींवर अनेक वर्षं काम केलं. एखादा धक्का किती खोल झाला हे ठरवण्याच्या पद्धतीत त्यांचा वाटा आहे" इतकं बस. निवृत्त असतील तर 'माजी' आवर्जून म्हणा. एका परिषदेत निवृत्त अध्यक्षांना त्यांच्या जुन्या पदावर बसवून ओळख झाली आणि सध्या ते पद सांभाळणारे गृहस्थ तिसऱ्या रांगेत होते. लिहिलेली ओळख त्यांना परत पाठवून होकार घ्या. मोठी माणसंसुद्धा यात एखादी दुरुस्ती हमखास करतात.

शाल-श्रीफळ सत्राच्या शेवटी ठेवायला आयोजकांना आत्ताच सांगा. सुरुवातीला ठेवलं की सात-आठ मिनिटं जातात आणि ती शेवटच्या वक्त्याच्या खात्यातून कापली जातात. तो बहुधा विद्यार्थीच असतो.

तालमीसाठी भूगोलातलं माणूस निवडू नका. मराठी किंवा कॉमर्सच्या सहकाऱ्याला वाचून दाखवा आणि विचारा, "भूकंप धरणाने केला का?" उत्तर "हो" आलं तर कपाटाचा दाखला नीट बसलेला नाही. "नाही, धरणाचा काही संबंध नाही" आलं तर तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात, उशिराचं वाक्य जास्त ठळक करा.

"मग धरण रिकामं करावं का?" हा प्रश्न सभागृहातून येणारच, कदाचित थेट तुमच्याकडे बघून. त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. पाणी झपाट्याने उतरवणं हासुद्धा दाबातला बदलच असतो आणि त्यावर काय बोलायचं हे अध्यक्षांना ठाऊक असतं. म्हणून व्यासपीठावर जाण्याआधी त्यांच्या हातात एक चिठ्ठी द्या: वक्त्यांची नावं, प्रत्येकाची एक ओळ, किती मिनिटं बोलणं आणि किती प्रश्नांना, आणि खाली हा एक प्रश्न.