बिल्डिंग फॅक्टर म्हणजे 'इमारत घटक' नव्हे, आणि लॅप म्हणजे मांडी तर मुळीच नव्हे

प्रश्न: "ट्रान्सफॉर्मरवरच्या एका मराठी टिपणात 'बिल्डिंग फॅक्टर'ला 'इमारत घटक' आणि 'स्टेप-लॅप जॉइंट'ला 'पायरी-मांडी सांधा' असं लिहिलंय. हे बरोबर आहे का? नसेल तर काय म्हणायचं?"

नाही. दोन्ही चूक. आणि त्याच टिपणात ग्रेन-ओरिएंटेड स्टीलला 'धान्याभिमुख पोलाद' लिहिलेलं नसलं तर नशीब समजा, कारण तेही मी वाचलंय. ग्रेन म्हणजे इथे धातूचा स्फटिककण. साधारण ३ टक्के सिलिकॉनचं पोलाद अशा पद्धतीनं लाटतात आणि तापवतात की बहुतेक सगळ्या कणांची सहज चुंबकित होणारी कड लाटण्याच्या दिशेत येऊन बसते. नॉर्मन गॉस यांना याचं पेटंट १९३४ साली मिळालं. 'दिशाबद्ध कणांचं पोलाद' म्हणा, किंवा सरळ सीआरजीओ, म्हणजे कोल्ड-रोल्ड ग्रेन-ओरिएंटेड, म्हणा, कारखान्यात सगळे तेच म्हणतात. कोअर म्हणजे गाभा आणि कोअर लॉस म्हणजे गाभ्यात वाया जाणारी वीज, यावर वेळ घालवत नाही.

फॅक्टरचं आधी उरकतो. 'घटक' हा शब्द कशाचा तरी भाग असतो तेव्हा वापरायचा. इथे फॅक्टर म्हणजे ज्यानं गुणायचं तो आकडा, म्हणून गुणक. आणि बिल्डिंग हे इथे नाम नाही, क्रिया आहे, पत्रे रचून गाभा बांधणं. म्हणून 'बांधणी-गुणक'. पत्र्याचा नमुना प्रयोगशाळेत मोजला की किलोमागे अमुक वॅट येतात, त्याच पत्र्याचा पूर्ण गाभा बांधून तेवढ्याच टेस्लाला, म्हणजे तेवढ्याच दाट चुंबकत्वाला, आणि तेवढ्याच फ्रीक्वेन्सीला मोजला की जास्त येतात, दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की बांधणी-गुणक. गंमत म्हणजे इंग्रजीत काही लोक यालाच डिस्ट्रक्शन फॅक्टरही म्हणतात. म्हणजे एकाच आकड्याला एक बांधणी म्हणतो आणि दुसरा मोडतोड, आणि दोघांचंही खरं आहे, कारण बांधताना पत्र्याचा मूळ चांगुलपणा थोडा मोडतोच.

आता लॅप. यासाठीच खरं तर मी लिहायला बसलो.

इंग्रजी लॅपचं जुनं रूप læppa, आणि त्याचा अर्थ मांडी नव्हताच, वस्त्राचा लोंबता मोकळा भाग असा होता. जर्मनमधला लापेन म्हणजे कापडाचा तुकडा, चिंधी, तो याच घराण्यातला, आणि कोटाचा लॅपेल हा लॅपचंच लहान रूप. माणूस बसला की वस्त्राचा तो भाग मांडीवर येतो, म्हणून पुढे त्या जागेलाच लॅप म्हणायला लागले. म्हणजे मांडी हा अर्थ मागाहून आलेला. मूळ अर्थाला मराठीत हुबेहूब शब्द आहे, पदर! आणि पदराचा प्रवास बघा, वस्त्राच्या टोकापासून थेट थरापर्यंत. तीन पदरी दोर, दुपदरी रस्ता, गोष्टीला असलेले अनेक पदर. एकावर एक येणारं टोक आणि एकाला लागून असलेला थर हे दोन्ही अर्थ एका शब्दात, आणि गाभ्याच्या सांध्यात नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. म्हणून माझा शब्द 'पायरीपदर सांधा'. परिभाषा करणारी मंडळी 'आच्छादन' किंवा 'अधिव्यापन' सुचवतील, सुचवू देत. आच्छादन म्हणजे वरून झाकणं, इथे कोणी कोणाला झाकत नाही, पत्रे एकमेकांत गुंफलेले असतात. अधिव्यापन तर उच्चारेपर्यंत ट्रान्सफॉर्मर बांधून होईल.

हा हट्ट नुसत्या शब्दासाठी नाही. पदर म्हटलं की सांध्यात काय घडतं ते दिसायला लागतं. उभ्या पायाचा पत्रा आणि आडव्या योकचा पत्रा ४५ अंशांत कापून कोपऱ्यात भिडवतात, म्हणजे फ्लक्सला, गाभ्यातून फिरणाऱ्या चुंबकीय प्रवाहाला, लाटण्याची दिशा सोडून फार वेळ चालावं लागत नाही. पण कितीही नीट भिडवले तरी दोन पत्र्यांत बारीक फट राहते आणि फटीत असते हवा. फ्लक्स हवेतून जायला नाखूश, तो वरच्या किंवा खालच्या शेजारी पत्र्यात उडी मारतो, फट ओलांडतो आणि पुन्हा आपल्या पत्र्यात परततो. हा शेजारी पत्रा म्हणजेच पदर.

जुन्या पद्धतीत दोनच जागा असतात, एक थर इकडे सरकवलेला, पुढचा तिकडे, परत इकडे. म्हणजे फटीच्या रेषेत निम्मे पत्रे तुटलेले आणि निम्मे अखंड. गाभा १.७ टेस्लावर चालवायचा म्हटलं तर सगळा भार त्या निम्म्यांवर, म्हणजे ३.४ टेस्ला. पण हे पोलाद साधारण २.०३ टेस्लालाच भरून जातं! मग उरलेल्या फ्लक्सला हवेतून जाण्यावाचून पर्याय नाही. भरून गेलेला पत्राही त्यापुढे हवेसारखाच वागतो, म्हणून दोघांचं गणित जुळायला अखंड पत्र्यात साधारण २.७ आणि फटीत ०.७ टेस्ला असं वाटप होतं. फटीत ०.७ टेस्ला उभे करायला जे अँपिअर-टर्न लागतात ते येतात कुठून, तर नो-लोड करंटमधून, म्हणजे पुढे काही जोडलेलं नसतानाही ट्रान्सफॉर्मर जो करंट ओढतो त्यातून.

आता पायरीपदर. थर दोनच जागी न सरकवता प्रत्येक पुढचा थर काही मिलिमीटर पुढे, मग आणखी पुढे, असं पाच-सहा-सात पायऱ्यांपर्यंत न्यायचं आणि परत पहिल्या जागेपासून सुरू करायचं. सहा पायऱ्या धरा. कुठल्याही एका फटीच्या रेषेत सहापैकी एकच पत्रा तुटलेला, पाच अखंड. १.७ × ६ ÷ ५ = २.०४ टेस्ला. म्हणजे जेमतेम भरतात, फटीतून जवळपास काहीच जावं लागत नाही. सात पायऱ्यांना १.९८, पाचला २.१२. हे कागदाच्या पाठीवरचं ढोबळ गणित आहे, पण साध्या सांध्याला साधारण १ टेस्लाच्या पुढेच त्रास का सुरू होतो आणि पायरीपदराला १.७ च्या आसपास का, ते यातून लगेच कळतं. आणि 'जितक्या पायऱ्या जास्त तितकं भारी' म्हणणाऱ्यांनी पुढचा आकडाही काढून बघावा, दहा पायऱ्यांना १.८९ येतो, म्हणजे सातच्या पुढे कमाई आटत जाते आणि रचणाऱ्याचं काम मात्र वाढत राहतं.

एवढं करूनही गुणक १ होत नाही. उडी मारणारा फ्लक्स पत्र्याच्या सपाट अंगातून काटकोनात आरपार जातो. पत्रे पातळ ठेवून वर इन्सुलेशन चढवतात ते पत्र्याच्या लांबीतून जाणाऱ्या फ्लक्सचे एडी करंट अडवायला, काटकोनात शिरलेल्या फ्लक्सचे भोवरे पत्र्याच्या रुंद अंगभर फिरतात, त्यांना कोण अडवणार? शिवाय तीन फेजच्या गाभ्यात मधला पाय योकला मिळतो तिथे फ्लक्स नुसता मागेपुढे न होता दिशाच फिरवतो, आणि दिशाबद्ध पोलादाला तेच सोसत नाही. कापलेल्या कडेचा ताण, कापताना कडेला उठणारी कुसळ म्हणजे बर, क्लॅम्पचा दाब हे वेगळंच.

आणि फट रुंद झाली तर पदरच संपतो, हे फार लोकांच्या ध्यानात येत नाही. समजा पायरी ४ मिलिमीटरची आहे आणि वरचा योक, जो कॉइल बसवल्यावर शेवटी एकेक पत्रा करून घालतात, तो घाईत भरला आणि फट ३ मिलिमीटर राहिली. मग एका फटीपासून पुढच्या थरातल्या फटीपर्यंत पोलादाचा पदर उरला १ मिलिमीटर, फ्लक्सनं उडी मारायची कुठे? ओळखायचं कसं, तर नो-लोड टेस्टमध्ये वॅट आणि करंट शेजारी ठेवून बघा. वॅट थोडे वाढलेत पण करंट भरमसाट वाढलाय, तर सांध्यावर संशय घ्या. वॅट चांगलेच वाढलेत आणि करंट फारसा नाही, तर बरमुळे पत्रे आपसांत शॉर्ट झालेत का ते आधी बघा.

आता ज्यावरून माझी लोकांशी नेहमी वाजते ते. गुणक सांगताना खाली कशानं भागलं ते कोणी सांगतच नाही. समजा गाभा १००० किलोचा, १.७ टेस्ला ५० हर्ट्झला नो-लोड लॉस १,१८० वॅट. पत्र्याच्या ग्रेडची कमाल हमी किलोला १.०० वॅट, म्हणून गुणक १.१८, सगळे खूश. पण हमी म्हणजे वरची मर्यादा, त्या रोलचं टेस्ट सर्टिफिकेट काढलं आणि तिथे ०.९५ निघालं तर खरा गुणक १.२४. बांधणी तीच, वॅट तेच, फक्त आधीचा आकडा पत्रा देणाऱ्याच्या चांगुलपणावर मिरवत होता. त्यात पुन्हा मोजणी एपस्टाइन फ्रेमवर की एकाच पत्र्याच्या टेस्टरवर? एपस्टाइनमध्ये पट्ट्या चौकटीच्या कोपऱ्यांत एकमेकींवर ठेवलेल्याच असतात, म्हणजे ज्याला आपण बिनसांध्याचा आकडा समजतो त्यातही सांधे आहेत! तिथे चुंबकीय वाटेची लांबी ०.९४ मीटर धरायची असं सरळ ठरवून टाकलंय. दोन पद्धतींचे आकडे काही टक्क्यांनी वेगळे येतात, आणि आपण गुणकाच्या दुसऱ्या दशांशावर भांडतो.

याच्याच पुढची चूक म्हणजे गुणक बघून पत्रा निवडणं. जास्त काटेकोर दिशेचा पत्रा, ज्याला हाय-बी म्हणतात, त्याचा बांधणी-गुणक साध्या सीआरजीओपेक्षा सहसा जास्तच येतो, कारण कण जितके एका दिशेत घट्ट बसलेले तितकं दिशा सोडलेल्या फ्लक्सचं आणि ताणाचं त्याला जास्त लागतं. उदाहरणापुरते आकडे घ्या: साधा पत्रा १.२० वॅट, गुणक १.१५, गाभ्यात १.३८. हाय-बी १.०० वॅट, गुणक १.२२, गाभ्यात १.२२. गुणक वाईट, ट्रान्सफॉर्मर चांगला. इथे गुणकाला 'गुणवत्ता' समजणारे बरोब्बर उलटा पत्रा उचलतात, आणि मला वाटतं 'घटक' लिहिणाऱ्यांपेक्षा यांनी केलेलं नुकसान मोठं आहे, कारण गुणक दोन वेगवेगळ्या पत्र्यांत तुलना करायला नसतोच, एकाच पत्र्यावर दोन बांधण्या ताडून बघायला असतो.