वाढीनंतरच्या पगारावरून जुना पगार कसा काढायचा?

प्रश्न: १५ टक्के वाढ होऊन पगार आता ३४,५०० झालाय, तर आधी किती होता?

आधी ३०,००० होता. बघा, वाढ नेहमी जुन्या पगारावर धरतात, म्हणजे जुना पगार १०० धरला तर नवीन ११५ झाला, मग ३४,५०० ला ११५ ने भागायचं, ३०० येतात, त्याला १०० ने गुणलं की झालं. बरेच जण ३४,५०० चेच १५ टक्के काढून वजा करतात, तसं केलं तर २९,३२५ येतात आणि ते चूक आहे, कारण ते टक्के नव्या पगाराचे झाले ना. पडताळा घ्या, ३०,००० चे १५ टक्के ४,५००, ते मिळवले की बरोबर ३४,५००. फक्त वाढ बेसिकवरच दिली असेल तर बेसिकच भागा, सगळा ग्रॉस नाही.