कुडाळची कॅथी

प्रश्न: क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर एका दुकानाचं नाव आलंय, तिथे मी आयुष्यात गेलेलो नाही. रक्कम मात्र ओळखीची वाटते. हे नाव नक्की कोण टाकतं?

दुकानदाराला स्वाइप मशीन देणाऱ्या बँकेकडे जे नाव नोंदवलेलं असतं, ते येतं. तुमची बँक ते नुसतं छापते. भलतंच नाव आलं तर चूक बहुतेक वेळा दुकानदाराचीच. मी हे छातीठोक सांगतोय, कारण ती चूक आमच्याच घरात झाली.

तारकर्लीला आमचा होमस्टे आहे. पुण्याचं एक कुटुंब दोन रात्री राहिलं, सुरमईच्या थाळ्या जेवलं, जाताना कार्डाने ५६०० रुपये दिले. पुढच्या महिन्यात त्यांच्या स्टेटमेंटवर हे आलं:

```
JAGANNATH KAULE AND KATHYKUDAL        IN
```

बायकोने विचारलं, ही कुडाळची कॅथी कोण? त्या बिचाऱ्याने कुडाळ फक्त कोकण रेल्वेतून उतरताना पाहिलेलं. त्याने घाबरून कार्ड ब्लॉक केलं आणि बँकेत तक्रार ठोकली.

आता कॅथी कुठून आली ते ऐका. माझ्या आजोबांचं कुडाळ बाजारात दुकान होतं, ‘जगन्नाथ कौले अँड काथ्या भांडार’. दुकान बंद होऊन जमाना झाला, पण फर्म त्याच नावाने चालू आहे आणि होमस्टेही कागदोपत्री तिचाच. मशीनसाठी अर्ज भरला माझ्या चुलतभावाने, म्हणजे दादाने. त्या फॉर्मवर दोन रकाने असतात: एक कायदेशीर नावाचा, दुसरा ‘डीबीए’, म्हणजे ज्या नावाने लोक तुम्हाला ओळखतात त्याचा. दादाने दुसरा रिकामा सोडला. बँकेने मग पहिलंच नाव उचललं, पत्ताही फर्मचा.

प्रत्येक व्यवहाराबरोबर ४० अक्षरांची एक पट्टी जाते. व्हिसाच्या मांडणीत पहिली २५ नावाला, पुढची १३ गावाला, शेवटची २ देशाला. नाव लांब असेल तर पंचविसाव्या अक्षरावर कुऱ्हाड. KATHYA मधला शेवटचा A तिथेच पडला, आणि मध्ये मोकळी जागा नसल्यामुळे कुडाळ थेट कॅथीला चिकटलं. मास्टरकार्डात नावाला २२च अक्षरं, म्हणजे तिथे नुसतं KA उरलं असतं. निदान भांडण तरी झालं नसतं!

आम्हाला इतके दिवस कळलं कसं नाही? कारण मशीनमधून निघणाऱ्या पावतीवर होमस्टेचं नाव बरोबर होतं. पावतीचा मथळा मशीन बसवणारा मुलगा मशीनमध्ये भरतो, स्टेटमेंटवरचं नाव बँकेच्या नोंदीतून जातं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. पावती पाहून निर्धास्त राहणारे माझ्यासारखे पुष्कळ असतील.

बँकेने आमचे पैसे रोखले आणि पावती मागितली. पिन टाकून झालेला व्यवहार, पावतीवरचा बारा आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, जुळला, त्यामुळे पैसे मिळाले. पण पाच आठवडे गेले, आणि ते कुटुंब परत आलं नाही ते नाहीच.

मी नाव बदलायचं म्हटल्यावर दादा भडकला. ‘आज्याचा नाव पुसूक निघालंस?’ अरे, आजोबांचं नाव दारावर लावू, फोटोला हार घालू. पण ज्या गिऱ्हाइकाने आजोबांना पाहिलं नाही, त्याच्या स्टेटमेंटवर त्यांचं काय काम? जीएसटीत व्यापारी नाव आणि तारकर्लीचा पत्ता घातला, तो कागद जोडून बँकेला अर्ज दिला. आता KAULARU HOMESTAY येतं, सोळा अक्षरं, कुठेच तुटत नाही. आजोबांची कौलंही राहिली, दादा.

नाव बदललं की स्वतःच्या कार्डाने दहा रुपये घासून बघावं. एसएमएसवर विसंबू नका, तो मंजुरीच्या वेळी येतो. स्टेटमेंटवरची ओळ नंतरच्या हिशोबाच्या नोंदीतून येते आणि तिच्यात मजकूर वेगळा असू शकतो.

तुमचं राहिलंच. ऑनलाइन खरेदी असेल तर नावात * आहे का पाहा: बहुधा त्याच्या आधी पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचं नाव असतं, पुढे दुकानाचं. नाही तर तारीख आणि रक्कम घेऊन जुन्या पावत्या, मेल चाळा. हिशोबाची तारीख एक-दोन दिवस पुढची असू शकते, हे धरून. घरात दुसऱ्या कोणी तुमचं कार्ड वापरलं का तेही विचारा. यातून काहीच जुळलं नाही तर मात्र माझी गोष्ट विसरा आणि आजच कार्ड ब्लॉक करा. सगळ्याच कॅथी आमच्या नसतात.