कुकी कटर विकण्याआधी

थ्रीडी प्रिंटरच्या प्लास्टिकच्या रिळावर ‘फूड सेफ’ लिहिलंय म्हणून त्यातून छापलेला कटर तसा म्हणून विकू नकोस. तो दावा फार तर कच्च्या प्लास्टिकचा. त्यातला रंग, तुझ्या प्रिंटरचं पितळी नोझल आणि थरांमधल्या खाचा त्यात येत नाहीत. माझा पहिला कटर धुतल्यावर स्वच्छ दिसला, पण टाचणीने खाच खरवडली तर वाळलेलं लोणी-पीठ निघालं. जंतूंना तेवढं पुरतं. उकळत्या पाण्यात टाकावा, तर पीएलए हे छपाईचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक थोडं जास्त सोसतं, खाचा मात्र त्यातही असतातच. इपॉक्सीचा लेप द्यायचा तर अन्नासाठी प्रमाणित घे, पूर्ण सुकू दे. धारेवर तो आधी उडतो. मी लाटलेल्या पिठावर क्लिंग फिल्म पसरून वरून कटर दाबतो. कडाही गोलसर येतात. पोळपाट, चमचे मात्र छापतच नाही.